शेवटचा शब्द म्हणजे आडनाव? पूर्ण नावाचे तीन रकाने करताना येणारे प्रश्न

नवीन सॉफ्टवेअर आलं की जुनी एक्सेल यादी त्यात चढवायची वेळ येते. यादीत पूर्ण नाव एकाच रकान्यात असतं आणि डेटाबेसला मात्र नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन रकाने हवे असतात. पतसंस्था, शाळा, गृहनिर्माण संस्था आणि दवाखाने सगळीकडून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सविस्तर उत्तरं देतो आहे.

Text to Columns वापरलं आणि शेजारच्या रकान्यातले मोबाइल नंबर गेले. परत कसे आणू?

Ctrl+Z. फाइल बंद करून झाली असेल तर मूळ प्रतीतून आणा. मूळ प्रत नसेल तर ज्याने यादी पाठवली त्याच्याकडून पुन्हा मागवा. पुढच्या वेळी शेवटच्या पायरीवर Destination मध्ये यादीच्या उजवीकडचा मोकळा रकाना द्या. आणि शेजारी मजकूर आहे, बदलू का, असं एक्सेल विचारतं तेव्हा न वाचता OK दाबू नका.

मित्र म्हणतो, एवढं काही करायला नको. पहिल्या दोन ओळी हाताने भरायच्या आणि Ctrl+E दाबायचं, सगळी नावं आपोआप सुटतात. खरं का?

सुटतात, पण बरोबर सुटतात की नाही हे Ctrl+E सांगत नाही. त्या सोयीचं नाव Flash Fill. तुम्ही दिलेल्या नमुन्यावरून ती अंदाज बांधते आणि खाली थेट अक्षरं भरते. तिथे सूत्र नसतं, त्यामुळे मूळ नाव नंतर दुरुस्त केलंत तरी फोडलेलं नाव जुनंच राहतं. यादीत तीन शब्दांबरोबर दोन आणि चार शब्दांची नावं असली की अंदाज कुठेतरी घसरतो, आणि घसरला हे दाखवणारी कोणतीही खूण पडत नाही. पन्नास नावांची यादी असेल तर वापरा आणि पन्नासही नावं डोळ्यांखालून घाला. हजारांची असेल तर मित्राला सांगा, तपासायला तूच ये.

शब्द मोजायचं सूत्र घातलं. ‘सुनीता रमेश जाधव’ या नावाचे कुठे तीन शब्द येतात, कुठे दोन, कुठे चार. TRIM सुद्धा करून झालं. दिसायला तर सगळं सारखंच आहे.

दिसायला सारखं आहे, आत नाही. TRIM फक्त साधी मोकळी जागा काढतं. वेब पानावरून किंवा पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात बऱ्याचदा १६० क्रमांकाची, म्हणजे ओळ न तुटू देणारी मोकळी जागा असते. TRIM तिला हात लावत नाही आणि शब्द मोजणारं सूत्र तिला जागा मानत नाही, म्हणून तीन शब्दांचे दोन होतात. उलट एकाच शब्दाच्या मध्ये चुकून जागा पडली असेल, ‘सु नीता’ असं, तर चार होतात. ती चूक कोणतंही सूत्र ओळखत नाही, ती माणसालाच दिसते.

खात्री करायची असेल तर संशयित जागेचा क्रमांक विचारा. ‘सुनीता’ या शब्दात मात्रा-वेलांट्या धरून सहा चिन्हं आहेत, म्हणून सातव्या जागी काय आहे ते पाहायचं:

```
=UNICODE(MID(B2,7,1))
```

३२ आलं तर साधी जागा, १६० आलं तर चोर सापडला. १० आलं तर कोणीतरी खान्यात Alt+Enter दाबून नाव दोन ओळींत लिहिलं आहे. तिन्हींचा बंदोबस्त एका सूत्रात होतो:

```
=TRIM(SUBSTITUTE(SUBSTITUTE(B2,UNICHAR(160)," "),CHAR(10)," "))
```

हे C रकान्यात ठेवा. B रकान्यातलं मूळ नाव तसंच राहू द्या, शेवटपर्यंत.

आमच्या पतसंस्थेची ३,२०० सभासदांची यादी आहे. तीन शाखांच्या फाइली एकाखाली एक जोडल्या आहेत. शेवटचा शब्द आडनाव म्हणून घेतला, तर शेकडो सभासदांचं आडनाव ‘शंकर’ आणि ‘रमेश’ झालं. सॉफ्टवेअरवाले म्हणतात, आत्ता चढवून टाका, चुका नंतर दुरुस्त करू.

नंतर कोणी दुरुस्त करत नाही, हे आधी लिहून ठेवा. एकदा ही नावं पासबुकावर, कर्जाच्या करारावर आणि लाभांशाच्या यादीवर छापली गेली की दुरुस्ती प्रत्येक ठिकाणी वेगळी करावी लागते. शिवाय आडनाव ‘शंकर’ पडलेला सभासद आडनावाने शोधला तर सापडतच नाही, मग काउंटरवरचा माणूस त्याचं नवीन खातं उघडून मोकळा होतो. एका माणसाचे दोन सभासद क्रमांक होण्याची सुरुवात इथे होते.

आता मूळ गोष्ट. मराठी नाव दोन क्रमांनी लिहिलं जातं. ‘रमेश शंकर जाधव’ हा एक आणि ‘जाधव रमेश शंकर’ हा दुसरा. हजेरीपट आणि जुन्या खतावण्या बहुधा दुसऱ्या क्रमाने असतात, अर्ज भरताना माणसं पहिला क्रम वापरतात. तुमच्या तीन शाखांपैकी निदान एकीने खतावणीवरून टायपिंग केलेलं आहे. तेव्हा ‘शेवटचा शब्द आडनाव’ हा नियम अर्ध्या यादीला लागू आणि अर्ध्या यादीला घातक.

काहीजण शब्दाच्या शेवटावरून आडनाव ओळखायला जातात. ‘कर’ने संपलं की आडनाव, असा सोपा हिशोब. मग प्रभाकर, सुधाकर, मधुकर आणि दिवाकर या सगळ्या मंडळींची नावं आडनावाच्या रकान्यात जाऊन बसतात. हा मार्ग सोडा.

उपयोगी पडणारी खूण शब्दात नाही, त्याच्या जागेत आहे. दोन्ही क्रम पुन्हा पाहा. पहिल्या क्रमात मधला शब्द वडिलांचं किंवा पतीचं नाव असतो, दुसऱ्या क्रमात मधला शब्द त्या व्यक्तीचं स्वतःचं नाव असतो. म्हणजे क्रम कोणताही असो, तीन शब्दांच्या नावात आडनाव मध्ये येत नाही. म्हणून जो शब्द तुमच्याच यादीत कुठे ना कुठे मधल्या जागी दिसतो तो नाव आहे, आणि जो कधीच मध्ये दिसत नाही तो बहुधा आडनाव आहे. बाहेरून आडनावांचा कोश विकत आणायची गरज नाही, तुमची यादीच तुमचा कोश.

कामाला लागण्यापूर्वी एक ताकीद: यादी सॉर्ट करू नका. क्रम बदलतो तो सहसा फाइलींच्या जोडावर बदलतो, आणि सॉर्ट केलं की तो जोड कायमचा पुसला जातो. आधी उजवीकडे मोकळ्या रकान्यात १ ते ३,२०० क्रमांक टाकून ठेवा, म्हणजे चुकून सॉर्ट झालंच तर परत येता येईल.

A मध्ये सभासद क्रमांक, B मध्ये मूळ नाव आणि C मध्ये वरच्या उत्तराप्रमाणे साफ केलेलं नाव आहे असं धरतो. दुसऱ्या ओळीत D ते G या चार खान्यांत अनुक्रमे शब्दसंख्या, पहिला शब्द, मधला भाग आणि शेवटचा शब्द घ्यायचा:

```
=LEN(C2)-LEN(SUBSTITUTE(C2," ",""))+1
=LEFT(C2,FIND(" ",C2&" ")-1)
=MID(C2,LEN(E2)+2,LEN(C2)-LEN(E2)-LEN(G2)-2)
=TRIM(RIGHT(SUBSTITUTE(C2," ",REPT(" ",100)),100))
```

दोन शब्दांच्या नावात मधल्या भागाच्या खान्यात #VALUE! येईल. येऊ द्या, तिथे मधलं काही नाहीच. यानंतर पहिला शब्द मधल्या रकान्यात किती वेळा आला ते H मध्ये, शेवटचा किती वेळा आला ते I मध्ये आणि निकाल J मध्ये:

```
=COUNTIF(F:F,E2)
=COUNTIF(F:F,G2)
=IF(AND(H2=0,I2>0),"आडनाव आधी",IF(AND(H2>0,I2=0),"नाव आधी","तपासा"))
```

‘जाधव रमेश शंकर’ ही ओळ घ्या. ‘जाधव’ मध्ये शून्य वेळा, ‘शंकर’ मध्ये समजा ४१ वेळा. निकाल ‘आडनाव आधी’. ‘रमेश शंकर जाधव’ या ओळीत ‘रमेश’ समजा २६ वेळा, ‘जाधव’ शून्य. निकाल ‘नाव आधी’. ‘सुनीता रमेश जाधव’ इथे मात्र थांबा. बाईचं नाव मधल्या जागी येतं ते फक्त आडनाव आधी असलेल्या भागात. त्या भागात दुसरी कोणी सुनीता नसेल तर दोन्हीकडे शून्य येतं आणि ओळ ‘तपासा’ म्हणते. हे सूत्राचं अपयश नव्हे. पुरावा नसताना सूत्र गप्प बसतं, हीच त्याची लायकी.

आता J रकाना मूळ क्रमाने वरून खाली वाचत जा. एकसारख्या निकालांचे लांबलचक पट्टे दिसतील. समजा ओळ १,१४० पर्यंत ‘नाव आधी’ चालू आहे आणि १,१४१ पासून ‘आडनाव आधी’ सुरू होतं, तर तो फाइलींचा जोड. पट्ट्यात अधूनमधून पडलेल्या ‘तपासा’ ओळींना त्या पट्ट्याचा क्रम द्या, पण वेगळ्या रंगाने खूण करून. पट्ट्याच्या विरुद्ध निकाल देणारी ओळ दिसली तर ती जास्त संशयास्पद. तिथे बहुधा ‘भास्कर’ किंवा ‘प्रभू’सारखा शब्द असतो, जो नावही असतो आणि आडनावही. किंवा लग्नानंतर माहेरचं आडनाव मध्ये ठेवणारी सभासद असते, ‘प्रिया जोशी कुलकर्णी’ अशी. तिथे ‘जोशी’ एकदा मध्ये आलं की साऱ्या जोशींच्या ओळी बिघडतात, म्हणून मधल्या रकान्यात फक्त एक-दोनदा आलेले शब्द वेगळे काढून नजरेखालून घाला.

पट्टेच दिसत नसतील, एक ओळ अशी आणि दुसरी तशी असेल, तर सूत्रावर विसंबू नका. टायपिंग करणाऱ्याने मनाला येईल तसं लिहिलं आहे आणि अर्जाच्या फाइली उघडण्याला पर्याय नाही.

खूण केलेल्या ओळी छापून त्या त्या शाखेकडे द्या आणि सभासदाच्या कागदपत्रांशी ताडून घ्या. आधार कार्ड इथे फारसं कामाचं नाही, कारण त्यावरही पूर्ण नाव एकाच ओळीत असतं. पॅन कार्डावर वडिलांचं नाव वेगळं छापलेलं असतं, त्यावरून पुरुष सभासदाचा कोणता शब्द वडिलांचा हे लगेच कळतं. विवाहित स्त्रीच्या नावात मध्ये पतीचं नाव असेल तर ही युक्ती चालत नाही, तिथे सभासदालाच फोन करून विचारा. निकाल कोणी मान्य केला त्याची सही घ्या. संगणक विभागाने परस्पर कोणाचं आडनाव ठरवू नये.

आमच्या शाळेच्या यादीत चार शब्दांची नावं आहेत. चौथ्याचं काय करू?

आधी ती चार का झाली ते पाहा, कारण उपाय प्रत्येकाचा वेगळा. ‘पांडुरंग राव’, ‘लक्ष्मी बाई’, ‘भाऊ साहेब’ असं तोडून लिहिलं असेल तर तो शब्द मागच्याला जोडायचा. मात्र ‘राव’ हे आडनावही आहे, म्हणून ‘विजय राव’ दिसल्यावर डोळे मिटून ‘विजयराव’ करू नका. ‘नाईक निंबाळकर’, ‘राजे भोसले’ ही दोन शब्दांची आडनावं, ती एकाच रकान्यात एकत्र जातात. ‘अब्दुल रहीम’ हे एक नाव आहे, त्यातला ‘अब्दुल’ सुटा काढला तर अर्थच राहत नाही. गोव्याकडच्या ‘मारिया फातिमा डिसोझा’मध्ये तीन शब्द असले तरी ‘फातिमा’ वडिलांचं नाव नाही, ते तिच्याच नावाचा भाग आहे. ‘एस. रामनाथन’मध्ये तर आपल्या अर्थाने आडनाव नाहीच.

शाळांना आणखी एक गोष्ट लागू होते. महाराष्ट्र शासनाच्या २०२४च्या निर्णयाप्रमाणे १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या बालकांचं नाव शासकीय कागदपत्रांत बालकाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचं आहे. ही मुलं बालवाडीत येऊ लागली की चार शब्द हाच नियम होईल. आईचं नाव मधल्या नावाच्या रकान्यात वडिलांच्या नावाला चिकटवू नका. सॉफ्टवेअरमध्ये आईच्या नावाचा स्वतंत्र रकाना आहे का ते विचारा, नसेल तर इम्पोर्ट करण्याआधी मागून घ्या. दाखल्यावर नाव कोणत्या क्रमाने छापायचं हे मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या.

मधलं नाव नसलेल्यांच्या रकान्यात टिंब टाकलं तर इम्पोर्ट होतं. चालेल ना?

नाही. ते टिंब उद्या ओळखपत्रावर छापलं जाईल. रकाना रिकामा ठेवा. डेटाबेस रिकामं मधलं नाव नाकारत असेल तर अट चुकीची आहे, ती ज्याने घातली त्याच्याकडून सैल करून घ्या. रिकाम्या खान्याचं NULL, म्हणजे ‘मूल्यच नाही’ असं, व्हावं की रिकामी अक्षरमाळ, हेही त्यालाच विचारा. दोन्हींची भेसळ झाली तर ‘मधलं नाव नसलेले सभासद’ शोधताना अर्धेच सापडतात.

‘सौ.’, ‘डॉ.’, ‘कै.’ सरळ पुसून टाकू का?

पुसू नका, वेगळ्या रकान्यात हलवा. त्याआधी C रकान्यातल्या सूत्रात TRIM च्या आत आणखी एक SUBSTITUTE वापरून प्रत्येक टिंबानंतर एक जागा घाला, कारण ‘सौ.सुनीता’ किंवा ‘र.शं.जाधव’ हे सूत्राला एकसंध दिसतात. ‘गं. भा.’ हे दोन शब्द धरले जातात, तेही ध्यानात ठेवा. ‘कै.’ दिसलं तर ती ओळ चालू सभासद म्हणून चढवायचीच नाही. ती बाजूला काढून व्यवस्थापकाकडे द्या, वारसनोंदीचा प्रश्न तुमच्या एक्सेलमध्ये सुटणार नाही.

‘कुऱ्हाडे’ आडनावाचे सतरा सभासद आहेत. शोधल्यावर अकराच सापडतात.

कारण ‘ऱ्ह’ दोन प्रकारे टाइप होतो आणि दोन्ही डोळ्यांना एकसारखे दिसतात. एका कीबोर्डवर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, U+0931, वापरलं जातं. दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा जोडक, U+200D. संगणकाला हे दोन वेगळे शब्द आहेत. फोडलेल्या रकान्यांत दुसरा प्रकार शोधून पहिल्यात बदला. आडनाव M रकान्यात असेल तर:

```
=SUBSTITUTE(M2,"र"&UNICHAR(2381)&UNICHAR(8205),"ऱ"&UNICHAR(2381))
```

‘अदृश्य चिन्हं सगळी काढून टाका’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो पाळलात तर जोडक निघून जाईल आणि ‘ह’च्या डोक्यावर रफार बसून ‘कुर्हाडे’ होईल. बदल झाल्यावर त्या सतरा जणांच्या ओळी एकदा छापील अर्जाशी मिळवून पाहा, कारण त्यातला एखादा खरोखरच ‘कुराडे’ असू शकतो.

एका विक्रेत्याने नावं आपोआप फोडणारं पॅकेज देऊ केलं आहे. घ्यावं का?

त्याला तुमच्या यादीतल्या १०० ओळी द्या. त्यात दोन्ही क्रमांची नावं, दोन शब्दी आडनावं, ‘कै.’ आणि एकशब्दी नावं मुद्दाम घाला. मग एकच प्रश्न विचारा: जिथे ठरवता आलं नाही त्या ओळी कुठे दाखवता? ‘आमचं सगळंच ठरतं’ असं उत्तर आलं तर पैसे वाचवा.

नावं फोडून झाली. बरोबर झाली हे कसं तपासायचं?

अंतिम नाव, मधलं नाव आणि आडनाव K, L, M मध्ये आहेत असं धरलं तर ‘नाव आधी’च्या ओळींसाठी पहिलं सूत्र आणि ‘आडनाव आधी’च्या ओळींसाठी दुसरं:

```
=EXACT(C2,TEXTJOIN(" ",TRUE,K2:M2))
=EXACT(C2,TEXTJOIN(" ",TRUE,M2,K2,L2))
```

FALSE आलेली प्रत्येक ओळ उघडून पाहा. तुम्ही मुद्दाम जोडलेले ‘राव’, हलवलेली ‘सौ.’ आणि बदललेला ‘ऱ्ह’ यांच्या ओळी FALSE येणारच, त्यांच्या पुढे कारण लिहा. पण TRUE म्हणजे एवढंच की एकही अक्षर सांडलं नाही. आडनाव बरोबर खान्यात पडलं याची ती हमी नाही. त्यासाठी आडनावाचा रकाना वेगळ्या प्रतीत नेऊन त्याची वारंवारता काढा आणि एकदाच आलेली आडनावं वाचा, चुका तिथेच गोळा होतात.

फाइल CSV UTF-8 याच प्रकारात साठवा, नुसती CSV घेतलीत तर देवनागरीची प्रश्नचिन्हं होतील. थेट मुख्य टेबलात न चढवता आधी तात्पुरत्या टेबलात चढवायला सांगा, आणि B मधलं मूळ पूर्ण नावही एक रकाना म्हणून सोबत पाठवा. डेटाबेस सांभाळणारा ‘तो रकाना कशाला’ म्हणाला, तर त्याला तुमच्या ‘तपासा’ ओळींची यादी दाखवा.